विश्लेषण : परीक्षेला स्मार्टवॉच का चालत नाही? मग कोणते घड्याळ चालते?

स्पर्धा परीक्षेच्या केंद्राबाहेर दरवेळी एक दृश्य हमखास दिसते. प्रवेशद्वार बंद व्हायला काही मिनिटे उरलेली असतात आणि एखादा उमेदवार मनगटावरचे घड्याळ काढून ते कोणाकडे ठेवायचे म्हणून इकडेतिकडे पाहत असतो. केंद्र लोकसेवा आयोगाच्या, म्हणजे यूपीएससीच्या परीक्षेत पेपर सुरू होण्याच्या अर्धा तास आधी दरवाजा बंद होतो. मौल्यवान वस्तू सांभाळण्याची जबाबदारी आयोग घेत नाही. त्यामुळे हा निर्णय घरून निघतानाच झालेला बरा.

नियम काय सांगतो?

यूपीएससीने साधे मनगटी घड्याळ वापरायला परवानगी दिली आहे. संपर्कासाठी वापरता येईल अशी सोय असलेले घड्याळ आणि स्मार्टवॉच यांना मात्र सक्त मनाई आहे. या मनाईतला महत्त्वाचा भाग अनेकांच्या नजरेतून सुटतो : उपकरण बंद असले तरी ते जवळ बाळगणे हाच नियमभंग आहे. ‘मी वापरलेच नाही’ किंवा ‘बॅटरी उतरली होती’ ही सबब चालत नाही आणि कारवाई पुढच्या परीक्षांना बसण्यावरील बंदीपर्यंत जाऊ शकते. स्मार्टवॉच खिशात किंवा कंपासपेटीत ठेवून आत नेणे म्हणूनच अधिक धोक्याचे. मनगटावरचे घड्याळ निदान दारातच काढायला सांगितले जाईल. खिशातले पेपर सुरू असताना सापडले तर ते लपवल्यासारखे दिसते.

एअरप्लेन मोड पुरेसा का नाही?

स्मार्टवॉच म्हणजे फोनचा आरसा, एवढीच अनेकांची समजूत असते. फोन बाहेर ठेवला की घड्याळ निरुपयोगी झाले, असे त्यांना वाटते. ब्लूटूथवर चालणाऱ्या घड्याळाला संदेश मिळण्यासाठी फोन साधारण दहा-पंधरा मीटरच्या आत लागतो, हे खरे. पण ई-सिम असलेली घड्याळे फोनशिवाय स्वतःच मोबाइल नेटवर्कला जोडली जातात. त्यावर उपाय म्हणून काही परीक्षांत जॅमर बसवले जातात.

जॅमर लहरी अडवतो, साठवलेली माहिती नाही. सूत्रे, सनावळ्या, नकाशाचे छायाचित्र असे काहीही आदल्या रात्री घड्याळात भरून ठेवता येते. ते वाचायला नेटवर्क लागत नाही, एअरप्लेन मोडमध्येही ते उघडते. पर्यवेक्षकाला दूरवरून एवढेच दिसते, की उमेदवार वेळ पाहत आहे. चिठ्ठी सापडली तर तो पुरावा असतो; घड्याळाचा पडदा मात्र बोटाच्या एका स्पर्शात पुन्हा तबकडी दाखवू लागतो. एका खोलीत वीस-चोवीस उमेदवार असताना प्रत्येक घड्याळाची सेटिंग तपासणे शक्य नाही. त्यामुळे नियम वापरावर न ठेवता वस्तूवरच ठेवला गेला.

२०१५ मध्ये काय घडले?

ही भीती कागदोपत्री नाही. ३ मे २०१५ रोजी वैद्यकीय प्रवेशासाठी एआयपीएमटी ही परीक्षा झाली. त्याच दिवशी हरयाणातील रोहतक येथे पोलिसांनी एका टोळीतील काहींना पकडले. शिवून घेतलेल्या बनियनमध्ये सिम आणि ब्लूटूथ उपकरणे बसवून केंद्रातील उमेदवारांना बाहेरून उत्तरे पुरवण्याचा तो प्रकार होता. तपासात लाभार्थी म्हणून ४४ उमेदवारांची नावे पुढे आली. १५ जून रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षाच रद्द केली आणि सहा लाखांहून अधिक मुलांना २५ जुलैला पुन्हा पेपर द्यावा लागला.

तिथे घड्याळ नव्हते, बनियन होते. पण परीक्षा घेणाऱ्या यंत्रणांनी त्यातून घेतलेला धडा स्पष्ट होता : उपकरण अंगावर मावते तेव्हा ते नजरेने ओळखता येत नाही. फेरपरीक्षेसाठी पोशाखाचे कडक नियम आले. आजच्या ‘नीट’मध्ये तर कोणतेच घड्याळ चालत नाही, आजोबांचे चावीचे एचएमटीसुद्धा नाही. वेळ कळावी म्हणून सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी इशारा दिला जातो. जेईई मेनसारख्या संगणकावरील परीक्षेत पडद्यावरच उरलेली वेळ दिसते. त्यामुळे तिथे घड्याळाची उणीव भासत नाही. कागदावरच्या ‘नीट’मध्ये ती भासते. तीन तासांत १८० प्रश्न सोडवणाऱ्या मुलाला दोन इशाऱ्यांमधला वेळ अंदाजाने काढायला लावणे योग्य नाही. घड्याळ काढून घ्यायचे, तर प्रत्येक खोलीत सर्वांना दिसेल असे चालू भिंतीवरचे घड्याळ लावण्याची जबाबदारी यंत्रणेवरच येते.

पर्यवेक्षक कशावर नजर ठेवतात?

जिथे घड्याळाला परवानगी आहे तिथेही शेवटचा शब्द केंद्रावरच्या माणसाचा असतो. त्याच्याकडे काही सेकंदच असतात आणि शंका आली तर नाही म्हणणे त्याच्यासाठी सोपे असते. म्हणून घड्याळ नियमात बसणारे असून भागत नाही, ते पाहताक्षणी साधे दिसावे लागते.

सर्वात कमी वाद होतो तो काट्यांच्या घड्याळावर. तास, मिनिट आणि सेकंदाचा काटा, आकडे असलेली तबकडी, बाजूला वेळ लावायची एकच चावी आणि चामड्याचा किंवा कापडी पट्टा. सीबीएसईनेही बोर्डाच्या परीक्षेसाठी काट्यांच्या घड्याळालाच मुभा दिली आहे. धातूच्या पट्ट्यावर बंदी असतेच असे नाही, पण मेटल डिटेक्टर वाजला की हात पुढे करून उभे राहावे लागते.

आकडे दाखवणाऱ्या साध्या डिजिटल घड्याळात इंटरनेट नसते, तरी त्यावर अनेक पर्यवेक्षक अडतात. याला कारण आहे. कॅल्क्युलेटर आणि फोन नंबर साठवणारी डिजिटल घड्याळे स्मार्टवॉचच्या कितीतरी आधीपासून बाजारात आहेत आणि लांबून ती सारखीच दिसतात. शिवाय दर तासाला वाजणारी ‘पीप’ शांत खोलीत सर्वांनाच त्रास देते.

सर्वाधिक घोटाळा होतो तो हायब्रिड घड्याळांचा. वरून काटे, आत ब्लूटूथ. समजा, वाढदिवसाला मिळालेले असे घड्याळ घालून एखादी मुलगी पूर्वपरीक्षेला निघाली. तिच्या लेखी ते काट्यांचेच घड्याळ. खूण मागच्या बाजूला सापडते. घड्याळ उलटे केल्यावर काचेचा लहान गोल, हिरवा प्रकाश देणारा सेन्सर किंवा चार्जिंगचे धातूचे ठिपके दिसले, तर ते स्मार्टवॉचच समजावे. साध्या सेलवरच्या घड्याळाची पाठ बहुधा सपाट पत्र्याची असते. दुसरी सोपी कसोटी म्हणजे, ते कधी चार्ज करावे लागले का, फोनमधल्या ॲपला कधी जोडले का? उत्तर ‘हो’ असेल तर ते घरीच ठेवावे. फिटनेस बँडलाही हेच लागू.

साध्या घड्याळाची सवय हाही एक प्रश्न आहे. यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १२० मिनिटांत १०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद मिळतात. उत्तरपत्रिकेतील गोल भरण्याचा वेळही त्यातच. मनगटाकडे पाहिल्यावर काटे वाचायला दोनदा विचार करावा लागत असेल, तर सराव चाचण्या त्याच घड्याळावर द्याव्यात. सेल जुना असेल तर आठवडाभर आधी बदलून घ्यावा आणि पेपरच्या सकाळी वेळ मोबाइलवरील वेळेशी जुळवून घ्यावी. हॉल तिकिटावरील सूचना दर परीक्षेला बदलू शकतात. मागच्या वर्षी चाललेले घड्याळ यंदा चालेलच, असे त्यामुळे गृहीत धरता येत नाही.