‘आज कोणाबरोबर जेवलास?’

नोव्हेंबरमध्ये आमच्या ओपीडीत एक बाई रक्तदाब तपासायला आल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षभर आटोक्यात असलेला रक्तदाब वाढला होता. गोळ्या चुकल्या नव्हत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, मुलगा हॅम्बुर्गला नोकरीला आहे. ठीक आहे म्हणतो, पण चेहरा पार उतरलाय. माझं बीपी वाढलंय हे मात्र त्याला सांगू नका.’’

त्यांच्याच फोनवरून त्या २७ वर्षांच्या इंजिनीअरशी बोललो. सुरुवात गणपतीत झाली होती. घरी सकाळी साडेसातला आरती, तेव्हा तिथे पहाटेचे चार. रोज गजर लावून तो व्हिडिओ कॉलवर आरतीला ‘हजर’ राहायचा. कॉल संपला की खोलीत शांतता, आणि झोप गेलेली. संध्याकाळी ऑफिसातून येऊन सहालाच आडवा व्हायचा आणि मध्यरात्री जागा. विसर्जनानंतरही सवय सुटली नाही. ऑक्टोबरअखेर तिथली घड्याळे तासभर मागे गेली. दिवाळीत पहाटे पाचला दारात लागलेल्या पणत्या त्याने रात्री साडेबाराला पाहिल्या. ‘‘आईला कसं सांगू? ती काळजी करेल,’’ तो म्हणाला. मायलेक दोघेही एकमेकांपासून लपवत होते.

घरची ओढ हा आजार नव्हे. १६८८ मध्ये योहानेस होफर यांनी बाझेलमध्ये तिच्यावर वैद्यकीय प्रबंध लिहिला आणि ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला. तेव्हा ती व्याधी मानली जाई आणि रुग्णाला घरी पाठवणे हा तिच्यावरचा उपाय होता. आज आपण घरची ओढ आणि नैराश्य यांत फरक करतो. ओढ लाटांसारखी येते. सणाला, कॉल संपल्यावर, आजारपणात ती दाटते. चांगली सोबत मिळाली की ओसरते. नैराश्य सोबतीतही हटत नाही. दिवसाचा बहुतेक वेळ उदास वाटणे किंवा आवडीच्या गोष्टीतही मन न लागणे, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, एकाग्रता बिघडणे असे दोन आठवडे चालले, तर ती नुसती आठवण नव्हे.

म्हणून मी त्याला विचारले, ‘‘शेवटचं खळखळून कधी हसलास?’’ म्हणाला, ‘‘शनिवारी. घरातल्या जोडीदाराबरोबर पिठलं केलं, ते करपलं.’’ क्रिकेट तो अजून आवडीने पाहत होता. जगणे नकोसे झाले आहे का, हेही स्पष्ट विचारले. उत्तर ‘नाही’ आले. हे नैराश्य नव्हते, पण झोप अशीच तुटत राहिली असती तर तिकडे जाण्याचा धोका होता. त्यात डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गला सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि चारला मावळतो. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. तिथे उजेडच कमी.

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, रात्रीचे कॉल बंद. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा तिथल्या दुपारी एकला बोलायचे. तेव्हा इथे साडेपाच, दिवेलागणीची वेळ. उरलेले दिवस जेवण सहकाऱ्यांबरोबर. दुसरी, उठण्याची वेळ रोज एकच, सुट्टीतही; आणि उजाडल्यावर अर्धा तास बाहेर चालणे, आभाळ भरलेले असले तरी. तिसरी, दर आठवड्याला त्याच माणसांना भेटायचे, मग ते महाराष्ट्र मंडळ असो वा बॅडमिंटनचा गट. एकटेपणा ओळखीची माणसे मोजून कळत नाही. ताप आला तर दार वाजवावे असे कोणी आहे का, यावरून कळतो. ती जवळीक एका मोठ्या कार्यक्रमाने येत नाही, पुन्हा पुन्हा भेटून येते.

सणाचेही तसेच. पडद्यावर पाहिलेल्या सणात आपण प्रेक्षक असतो. संक्रांतीला त्याने स्वतः तिळाच्या वड्या केल्या आणि ऑफिसात वाटल्या. पाक जरा कडक झाला होता, पण त्या दिवशी त्याला घरची आठवण आली तरी रडू आले नाही. झोप रुळायला महिना लागला. आईंच्या गोळीचा डोस वाढवावा लागला, आणि ते त्यांनी त्याला सांगितलेही.

प्रत्येकाचे एवढ्याने भागेलच असे नाही. वर सांगितलेली लक्षणे दोन आठवडे टिकली, तर तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे लगेच जावे, कारण जर्मनीत मानसोपचाराच्या वेळेसाठी अनेकदा थांबावे लागते. जीव द्यावासा वाटला तर थांबू नये. ११२ हा तिथला आपत्कालीन क्रमांक आहे.

आणि इथल्या आईवडिलांनो, ‘जेवलास का?’ याला ‘हो’ म्हणून सुटता येते. त्याऐवजी ‘आज कोणाबरोबर जेवलास?’ असे विचारा. चार दिवस लागोपाठ ‘एकटाच’ हे उत्तर आले, तर पुढचे प्रश्न सावकाश विचारायची वेळ झाली आहे.