विश्लेषण : चाळिसाव्या मजल्यावर पाणी चढते, पण पहिल्या मजल्यावरचा दाब कोण रोखतो?

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांना ४० मजली इमारतीतील घरांचा ताबा मिळाला. तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळीतून थेट ढगांच्या शेजारी. मुंबई, ठाणे आणि पुण्यात पुनर्विकासाच्या निमित्ताने असे स्थलांतर आता अनेकांच्या वाट्याला येते आहे. नव्या इमारतीत शिरताना लोक लिफ्ट किती, पार्किंग कुठे, देखभाल खर्च किती हे विचारतात. पाण्याबद्दल फार तर ‘वरपर्यंत चढते ना?’ एवढाच प्रश्न असतो. पाणी वर चढवणे तुलनेने सोपे आहे. ते खाली उतरताना जो दाब तयार होतो, तो आवरणे हे उंच इमारतीचे खरे दुखणे आहे.

दाबाचा हिशेब काय असतो?

पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ आपल्या तळाशी साधारण १ बार दाब देतो. पाइप जाड असो वा बारीक, फरक पडत नाही; फक्त उंची मोजायची. शॉवर नीट चालायला साधारण दीड बार लागतो. साडेचार बारच्या वर गेले की नळ शिट्टी वाजवतो, वॉशर लवकर झिजतात, जेट स्प्रेची नळी फुगते. अमेरिकेतील प्लंबिंग नियमांत साधारण साडेपाच बारच्या पुढे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह सक्तीचा आहे, त्यावरून मर्यादेचा अंदाज यावा. म्हणजे घरात दाब हवा दीड ते साडेचारच्या दरम्यान. या दोहोंतला फरक ३ बार, अर्थात ३० मीटर, अर्थात तीन मीटर उंचीचे दहा मजले. एका पाइपवर दहाहून जास्त मजले जोडले, की वरच्याला कमी किंवा खालच्याला जास्त, यातले एक होणारच. इमारतीचे ‘प्रेशर झोन’ पाडतात ते याच कारणाने.

४० मजल्यांचे झोन कसे पाडतात?

एक काल्पनिक इमारत घेऊ. ती वरळीची नव्हे, आकडे समजण्यासाठी मांडलेली. प्रत्येक मजला तीन मीटरचा, चाळिसाव्याची फरशी जमिनीपासून १२० मीटरवर, गच्चीवरच्या टाकीचा तळ १२६ मीटरवर. चाळिसाव्या मजल्यावरील शॉवर १२२ मीटरवर आहे. टाकी त्याच्या जेमतेम चार मीटर वर, म्हणून दाब ०.४ बार. कोट्यवधीच्या घरात बादली-तांब्या काढावा लागेल, इतकी बारीक धार! खाली उतरत गेलो तर छत्तिसाव्या मजल्यावर १.६ बार मिळतो. तेथून वरचे चार मजले, ३७ ते ४०, निव्वळ उताराच्या पाण्यावर भागत नाहीत. त्यांच्यासाठी गच्चीवर छोटा बूस्टर पंप लावतात. त्याने दीड बार जरी भर घातली, तरी चाळिसाव्याला १.९ आणि सदतिसाव्याला २.८ बार मिळतो.

छत्तीस ते सत्तावीस या दहा मजल्यांना काहीच लागत नाही. टाकीतून पाणी आपोआप उतरते आणि सत्ताविसाव्याच्या नळाला ४.४ बार भरतो. हा इमारतीतला सर्वात निरोगी पट्टा. सव्विसाव्यापासून मात्र हद्द ओलांडली जाते. तेथे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतात. प्लंबर त्याला ‘पीआरव्ही’ म्हणतात. तो ४.७ बारचे १.६ करतो आणि पुढचे दहा मजले, सतराव्यापर्यंत, पुन्हा मर्यादेत येतात.

याच पद्धतीने आणखी दोन व्हॉल्व्ह लावून पहिल्या मजल्यापर्यंत उतरता येईल. बरेच विकासक तसेच करतात, कारण व्हॉल्व्ह डक्टमध्ये मावतो आणि विकाऊ जागा खात नाही.

मग मधल्या टाकीची गरज काय?

व्हॉल्व्ह हे यंत्र आहे आणि यंत्र बिघडते. पहिल्या मजल्यावरचा नळ जमिनीपासून चार मीटरवर, गच्चीवरची टाकी १२६ मीटरवर. सगळी भिस्त व्हॉल्व्हवर असेल आणि वरचा मुख्य पाइप थेट खालच्या झोनला पाणी देत असेल, तर त्या झोनचा व्हॉल्व्ह निकामी झाल्यावर पहिल्या मजल्याच्या नळावर १२.२ बार येऊ शकतो. घरगुती साठवणुकीचे गिझर सहसा ८ बारपर्यंत चालवायचे असतात, काही त्याहून कमी. जेट स्प्रेची नळी आणि सिंकखालची जोडनळी तर आधीच हार मानतात. त्यातही हे घडते ते बहुधा रात्री, नळ बंद असताना.

ब्रेक टँक म्हणजे मधली टाकी ही साखळीच तोडते. आपल्या इमारतीत ती बाविसाव्या मजल्याच्या पातळीवर, ६६ मीटरवर, सेवा मजल्यावर ठेवू. तिचे पाणी वरून हवेला उघडे असते, म्हणून वरच्या स्तंभाचा दाब तिथेच संपतो. तिच्याखाली नव्याने मोजणी सुरू होते. सोळाव्या मजल्याच्या शॉवरला १.६ बार, सातव्याच्या नळाला ४.४ बार; हे दहा मजले पुन्हा कोणत्याही व्हॉल्व्हविना. फक्त सहा ते एक या मजल्यांना व्हॉल्व्ह लागतो आणि तो पूर्ण निकामी झाला तरी पहिल्या मजल्यावर ६.२ बार येतो. हे त्रासदायक आहे, पण १२.२ नाही. चांगले गिझर एवढे सोसतात. सव्विसाव्या मजल्याचा व्हॉल्व्ह बिघडला तर सतराव्यावर ७.४ बार होतो, म्हणजे या आराखड्यातली सर्वात नाजूक जागा तीच. तेथे दोन व्हॉल्व्ह समांतर बसवावेत, असे कोणताही जाणता अभियंता सांगेल.

वीज वाचते का?

मधल्या टाकीच्या बाजूने हा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, म्हणून तपासून पाहू. मजल्यावर चार घरे, घरात पाच माणसे, असे ८०० रहिवासी. माणशी १३५ लिटर प्रमाणे दिवसाला १ लाख ८ हजार लिटर. तळघरातील टाकीतून सगळे पाणी थेट गच्चीवर न्यायचे तर पाइपातील घर्षणासह साधारण १४५ मीटरचा चढ. पंप-मोटरची एकत्रित कार्यक्षमता ५५ टक्के धरली तर दिवसाला ७८ युनिट. मधली टाकी असेल तर सगळे पाणी आधी तिच्यात, सुमारे ८० मीटर. मग फक्त वरच्या २४ मजल्यांचे, म्हणजे ६० टक्के पाणी, आणखी ७० मीटर वर. हिशेब ६५ युनिटवर येतो. बचत दिवसाला १२-१३ युनिट. आहे, पण १६० घरांत वाटली तर चहाचे पैसेही निघत नाहीत. विजेसाठी मधली टाकी बांधा, हा युक्तिवाद कच्चा आहे. ती दाबासाठी बांधायची.

शिवाय तिची किंमतही आहे. १५ हजार लिटरची टाकी म्हणजे १५ टन वजन, तेही अर्ध्या उंचीवर. त्यासाठी स्तंभ-तुळयांचा हिशेब सुरुवातीलाच करावा लागतो, नंतर सुचून चालत नाही. शेजारी पंप आला की कंपन आणि आवाज आला. फ्लोट व्हॉल्व्ह किंवा पातळी-स्विच अडकला तर टाकी ओसंडते आणि त्या पाण्याला वाट नसेल तर ते लिफ्टच्या खड्ड्याकडे धावते. ओव्हरफ्लो पाइप आत येणाऱ्या पाइपहून मोठा असावा आणि त्याचे तोंड कोणाच्या तरी डोळ्यांसमोर पडावे, उदाहरणार्थ पार्किंगमध्ये. डक्टमध्ये लपवलेला ओव्हरफ्लो महिनोन्महिने वाहत राहतो आणि सोसायटी टँकरवाल्याला पैसे मोजत राहते.

पालिकेच्या नळालाच पंप का लावू नये?

मुंबईत मुख्य वाहिनीला थेट पंप जोडणे बेकायदा आहे. बहुतेक भागांत पाणी दिवसातून काही तास येते. त्या वाहिनीत पंपाने ओढ निर्माण केली, तर शेजाऱ्याचे पाणी तर पळतेच. शिवाय फुटक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत खेचले जाते. म्हणून पाणी आधी जमिनीखालच्या टाकीत पडू द्यायचे, तेही पाइपचे तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवून. खरे तर हीदेखील एक ब्रेक टँकच. ती इमारतीचे पाणी पालिकेच्या वाहिनीत उलटे जाऊ देत नाही.

बिघाड ओळखायचा कसा?

पीआरव्हीचा बिघाड फसवा असतो. सकाळी सगळे नळ चालू असतात तेव्हा दाब अगदी नेमका दिसतो. आतला रबरी पडदा किंवा बैठक झिजली की बंद अवस्थेतही थोडे पाणी झिरपते. रात्री कोणी नळ उघडत नाही, ते झिरपलेले पाणी जाते कुठे? दाब हळूहळू चढतो आणि पहाटेपर्यंत वरच्या बाजूइतका होतो. पहाटे पहिला नळ उघडला की एक जोराची पिचकारी येते आणि मग सगळे नेहमीसारखे. रहिवासी त्याला ‘हवा भरली’ म्हणतात. म्हणून व्हॉल्व्हच्या खालच्या बाजूचा दाबमापक पहाटे तीनला वाचायचा, सकाळी दहाला नव्हे. एकाच झोनमधल्या तीन-चार घरांत आठवड्याभरात जेट स्प्रे फुटले, तर प्लंबरला घरात नव्हे, डक्टमध्ये पाठवावे. गिझर तापताना त्याचा सुरक्षा व्हॉल्व्ह थोडा टपकणे स्वाभाविक. गिझर बंद असतानाही टपकत असेल तर दाबाचा संशय घ्यावा.

बूस्टर पंपाची खूण वेगळी. तो दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर त्याच्या दाब-टाकीतली हवा गेलेली असते. वेळीच भरली नाही तर मोटर जळते. आणि पंप थांबताच डक्टमधून ‘धाड’ असा आवाज येत असेल, तर उभ्या पाइपातला पाण्याचा स्तंभ मागे येऊन चेक व्हॉल्व्हवर आपटतो आहे. तेथे सावकाश मिटणारा व्हॉल्व्ह किंवा पंपाला हळू थांबवणारी यंत्रणा हवी. बूस्टर जनरेटरवर जोडलेला आहे ना, हे वरच्या चार मजल्यांनी आधीच विचारून घ्यावे.

ताबा घेताना सोसायटीने काय मागावे?

झोनचा नकाशा. कोणत्या मजल्यांना कुठून पाणी येते, प्रत्येक पीआरव्ही कोणत्या मजल्याच्या डक्टमध्ये आहे आणि तो किती बारवर बसवला आहे, एवढे एका कागदावर. हा कागद प्लंबिंग सल्लागाराकडे असतोच, पण तो समितीपर्यंत क्वचित पोहोचतो. प्रत्येक व्हॉल्व्हच्या आधी गाळणी आणि दोन्ही बाजूंना दाबमापक आहेत का, तेही पाहावे. दाबमापक नसेल तर वर सांगितलेली पहाटेची तपासणी करताच येत नाही. स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातील आणि सेवांच्या दर्जातील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. त्या मुदतीत दर तीन महिन्यांनी पहाटेच्या दाबाची नोंद तारखेसह वहीत ठेवली, तर दोष केव्हापासूनचा याचा पुरावा सोसायटीच्या हाती राहतो.