१८० दिवसांची नोटीस आली तर बिले काढून बसा

मालाचे बिल १८० दिवसांत चुकते केले नाही म्हणून त्यावरचे क्रेडिट रिव्हर्स करा, अशी जीएसटीची नोटीस आली की बरेच छोटे व्यापारी घाबरून सगळी रक्कम भरून टाकतात. कृपया तसे करू नका. अशा नोटिशीतला आकडा अनेकदा ताळेबंदातल्या देण्यांच्या एकूण बेरजेवरून काढलेला असतो. नियम ३७ मात्र प्रत्येक बिलाची तारीख वेगळी पाहतो.

समजा, ३१ मार्च २०२५ च्या ताळेबंदात ११,८०,००० रुपयांची देणी आहेत आणि नोटिशीत १८ टक्क्यांच्या हिशेबाने १,८०,००० चे क्रेडिट मागितले आहे. बिले काढली तर ७,०८,००० ची बिले जानेवारी ते मार्चमधली निघतात आणि त्यांचे पैसे मेअखेर बँकेतून गेलेले दिसतात. म्हणजे १,०८,००० चा प्रश्नच उरत नाही. १,१८,००० नोंदणी नसलेल्या माणसांचे देणे आहे. त्यावर क्रेडिट घेतलेच नव्हते, म्हणून १८,००० तिथे वगळा. राहते १० जून २०२४ चे ४,७२,००० चे एक बिल. त्यातले १,१८,००० सप्टेंबरमध्ये दिले होते, बाकीच्या ३,५४,००० ची मुदत ७ डिसेंबरला संपली. खरा प्रश्न तेवढ्या बाकीवरच्या ५४,००० चा आहे. दिलेल्या भागावरचे क्रेडिट शाबूत राहते.

खरी अडचण ‘खात्यावर’ म्हणून दिलेल्या ठोक रकमांची असते. कोणत्या बिलापोटी पैसे दिले हे नोंदवलेले नसेल तर पुरवठादाराकडून बिलवार खाते उतारा सहीशिक्क्यासह घ्या, कारण त्याच्या आणि तुमच्या वहीत फरक निघाला की उत्तर तिथेच लंगडे पडते. रिव्हर्स चार्जच्या व्यवहारांना १८० दिवसांची ही अट लागू नाही, तेही वेगळे काढा.

आता ते ५४,०००. मध्यंतरी पैसे देऊन झाले असतील तर त्याचा पुरावा जोडा. मग वाद मुख्यतः मधल्या काळाच्या व्याजाचा उरतो. वर्षाला १८ टक्के म्हणजे महिन्याला ८१० रुपये. अजून दिले नसतील तर GSTR-3B च्या 4(B)(2) मध्ये रिव्हर्स करा आणि तसे उत्तरात लिहा. पुरवठादाराला पैसे दिले की हे क्रेडिट परत घेता येते, त्याला ३० नोव्हेंबरची मुदत आड येत नाही. व्याज मात्र परत मिळत नाही.

नोटीस ASMT-10 असेल तर उत्तर ASMT-11 मध्ये, DRC-01 असेल तर DRC-06 मध्ये पोर्टलवरच द्या. बिल क्रमांक, तारीख, कर, पैसे दिल्याची तारीख आणि बँकेची नोंद असा तक्ता जोडा. DRC-06 भरताना प्रत्यक्ष सुनावणी हवी, असे आवर्जून नोंदवा.