0/0 आलं की लगेच खोडू नका

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा, कुठेही अकरावी सायन्सला असाल तर गणिताच्या दुसऱ्या भागातलं सांतत्याचं प्रकरण तुमच्या वाट्याला येणारच; सीईटीतही ते सुटत नाही. या प्रकरणापुरती एक विनंती आहे. फंक्शन एखाद्या बिंदूपाशी तुटलेलं दिसलं की आधी त्या बिंदूच्या डाव्या आणि उजव्या बाजूला जाऊन या, मगच रिमूव्हेबल, जंप की इन्फिनिट ते ठरवा. वर-खाली शून्य दिसलं की ‘रिमूव्हेबल’ लिहून मोकळं व्हायची घाई बरी नाही.

हे उदाहरण घ्या:

f(x) = (x² − x − 6) / (x² − 5x + 6)

छेद 2 आणि 3 या दोन ठिकाणी शून्य होतो. कॅल्क्युलेटरवर दोन्ही किमती घालून बघा, दोन्हीकडे एरर येईल. पण त्या दोन एररमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कॅल्क्युलेटर सांगत नाही. तो कळायला थोडं शेजारी जावं लागतं. x = 2.99 घेतलं तर उत्तर सुमारे 5.04 येतं, 3.01 घेतलं तर सुमारे 4.96. म्हणजे दोन्हीकडून आपण 5 कडेच निघालोय. आता 2 च्या शेजारी जा: 1.99 ला −399 आणि 2.01 ला 401. अजून जवळ गेलात तर आकडे आणखी फुगतात.

अवयव पाडले की कारण समोर येतं. वर (x − 3)(x + 2), खाली (x − 3)(x − 2). (x − 3) दोन्हीकडे आहे, तो निघून जातो आणि उरलेल्या (x + 2)/(x − 2) मध्ये 3 घातले की 5 मिळतात. (x − 2) ला मात्र वर जोडीदार नाही. तिथे अंश −4 आणि छेद शून्याकडे चाललेला, म्हणून इन्फिनिट. f(2) ला कुठलीही किंमत द्या, ती तुटफूट सांधणार नाही.

दुरुस्ती करायची ती फक्त 3 पाशी, आणि ती अशी लिहायची: x ≠ 3 आणि x ≠ 2 असताना मूळचंच सूत्र, आणि f(3) = 5. बरेच जण अवयव खोडून नुसतं (x + 2)/(x − 2) लिहितात आणि f(3) चा उल्लेखच करत नाहीत. प्रश्न त्याच एका किमतीचा असतो, ती लिहायलाच हवी. कधी पेपर काढणारे मुद्दाम f(3) = 7 असं देऊन ठेवतात. किंमत दिली आहे म्हणून बिचकू नका. लिमिट 5 च आहे, म्हणून असांतत्य रिमूव्हेबलच. 7 काढून तिथे 5 ठेवा.

जंपचं उदाहरण एसटीच्या तिकिटात आहे. भाडं 6 किलोमीटरच्या टप्प्याने वाढतं. समजा एका टप्प्याला 10 रुपये आहेत. सहाव्या किलोमीटरच्या अलीकडे 10 आणि पलीकडे लगेच 20. नेमक्या 6 वर 10 ठेवा, 20 ठेवा, नाहीतर मधले 15 ठेवा, एक ना एक बाजू तुटलेली राहणारच. डावी आणि उजवी लिमिट वेगवेगळी असली की एका बिंदूची किंमत बदलून काही साधत नाही.

जंप असा उघड दिसला तर बरंच, पण तो वर्गमुळात दडून बसतो तेव्हा हुशार मुलंही फसतात. (1 − cos 2x)/x² ची 0 पाशी लिमिट 2 येते, कारण 1 − cos 2x = 2 sin² x. तिथे f(0) = 2 ठेवलं की काम झालं. आता अंशाचं वर्गमूळ घेऊन √(1 − cos 2x)/x बघा. हेही 0/0 च. हात आपोआप √2 sin x / x लिहून जातो आणि उत्तर √2 येतं. पण sin² x चं वर्गमूळ sin x नसून |sin x| आहे. x = 0.1 रेडियनला किंमत सुमारे 1.41 येते आणि −0.1 ला सुमारे −1.41. उजवीकडून √2, डावीकडून −√2, म्हणजे हा सरळसरळ जंप आहे आणि f(0) ला कुठलीच किंमत चालणार नाही. वर्गमूळ किंवा मापांक दिसला की दोन्ही बाजू स्वतंत्र ओळींत सोडवा, जागा वाचवू नका.

0/0 मधून इन्फिनिटही निघतं: (x − 3)/(x − 3)² मध्ये खोडूनसुद्धा खाली एक (x − 3) उरतोच. आणि sin(1/x) सारखं फंक्शन 0 पाशी या तिन्हींपैकी कुठेच बसत नाही. ते −1 आणि 1 यांच्यामध्ये हेलकावे खातच राहतं, कुठल्याच किमतीवर स्थिरावत नाही. त्यालाही f(0) देऊन सांधता येत नाही.