रांग ‘हॅज’ की ‘हॅव’? लांब इंग्रजी वाक्यातली चूक अशी पकडा

गणेशोत्सवात लालबागमधून येणारं एक साधं वाक्य घ्या: ‘वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेल्या भाविकांची रांग चिंचपोकळीपर्यंत पोहोचली आहे.’ हेच इंग्रजीत अनेक जण असं लिहितात: ‘द क्यू ऑफ डिव्होटीज फ्रॉम डिफरंट डिस्ट्रिक्ट्स हॅव रीच्ड चिंचपोकळी.’ इथे ‘हॅव’ चुकलं, ‘हॅज’ हवं.

मराठीत ‘भाविकांची रांग पोहोचले आहेत’ असं कुणीच म्हणणार नाही. मग इंग्रजीतच का चुकतं? मराठीत ‘कुठल्या भाविकांची’ हा तपशील कर्त्याच्या आधी येतो आणि ‘रांग’ क्रियापदाच्या जवळ राहते. इंग्रजीत तो कर्त्याच्या नंतर येतो. ‘क्यू’ मागे राहतो, क्रियापदाला खेटून ‘डिस्ट्रिक्ट्स’ हे अनेकवचन उभं राहतं आणि कान त्यालाच कर्ता समजतो.

चूक शोधताना आधी क्रियापद गाठा: ‘इज-आर’, ‘वॉज-वेअर’, ‘हॅज-हॅव’. मग मराठीत विचारा, काय पोहोचलं? उत्तर: रांग. आता ‘ऑफ’पासून क्रियापदापर्यंतचा मजकूर बोटाने झाका. उरतं ‘द क्यू हॅव रीच्ड’. चूक लगेच खटकते.

दुसरा सापळा आदरार्थी बहुवचनाचा. ‘अध्यक्ष कार्यकर्त्यांसह उपस्थित होते’ हे मराठीत बरोबर, म्हणून ‘द प्रेसिडेंट, अलाँग विथ द व्हॉलंटिअर्स, वेअर प्रेझेंट’ असं लिहिलं जातं. पण इंग्रजी क्रियापद आदर दाखवत नाही आणि ‘अलाँग विथ’ने जोडलेली माणसं कर्त्यात मोजत नाही. अध्यक्ष एकच, म्हणून ‘वॉज’. ‘अलाँग विथ’च्या जागी ‘अँड’ असतं, तर मात्र ‘वेअर’ बरोबर ठरलं असतं.

बोटाने झाकण्याची युक्ती एका ठिकाणी फसते. ‘अ नंबर ऑफ मसाला शॉप्स आर क्लोज्ड’ म्हणजे अनेक दुकानं बंद आहेत, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ मसाला शॉप्स इज फॉलिंग’ म्हणजे दुकानांची संख्या घटते आहे, म्हणून ‘इज’. इथे मराठी अर्थच निर्णय देतो.

स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या सीजीएल परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे २५ प्रश्न असतात. प्रत्येकाला २ गुण आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. वाक्यातली चूक शोधायचे प्रश्न त्यात नेहमीचे. ‘आमचं इंग्रजी कच्चं’ म्हणून मराठी माध्यमाची मुलं ते सोडून देतात. खरं तर कर्ता ओळखायला त्यांना मराठीने केव्हाच शिकवलंय. इंग्रजीत तो क्रियापदापासून लांब उभा असतो, एवढंच वर्गात आधी सांगायला हवं. नियमांची यादी नंतर द्या.