फौजी भावाला खुशालीचं पत्र

आमच्या फुफीचा मुलगा फौजेत आहे. रेंज असली की फोन होतो, नसली की आठवडे जातात. म्हणून आम्ही भावंडं त्याला दर महिन्याला एक आंतर्देशीय पत्र लिहितो. ही पत्रं आपल्याच नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापत आले आहेत, याची त्याला गंमत वाटते.

पत्त्यात गावाचं नाव नसतं. फौजी नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मग ‘द्वारा ५६ एपीओ’ आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन, बस्स. हे टपाल दिल्लीला जातं, ९९ एपीओचं कोलकात्याला. पलटण कुठे आहे ते पुढे फौजेचं टपाल खातंच जाणतं. म्हणून पत्राच्या आतही जागेचं नाव लिहू नये आणि विचारूही नये.

पत्राला पोहोचायला दिवस लागतात, उत्तर यायला तितकेच. इथेच खरी गोम आहे. ‘दादीला ताप आहे’ असं लिहिलं, तर त्याच्या हाती कागद पडेल तेव्हा दादी अंगणात फिरत असेल, पण तो मात्र उत्तर येईपर्यंत झुरत राहील. म्हणून आम्ही घरात एक नियम केला आहे: मिटलेली गोष्ट लिहायची, चालू असलेली नाही.

गोदावरीला पूर आला की जुन्या नाशकात सगळे दुतोंड्या मारुतीकडे बघतात. पाणी त्याच्या कमरेला लागलं की दुकानं आवरायला लागतात. त्या रात्री पत्र लिहायचं नाही. पाणी उतरल्यावर लिहायचं:

‘भाईजान, यंदा पाणी मारुतीच्या छातीपर्यंत चढलं होतं. दुसऱ्या दिवशी उतरलं. आपलं घर कोरडं राहिलं. मामूंनी दुकानातल्या गोण्या आधीच माडीवर नेल्या होत्या, आता त्या खाली आणताना कुरकुर करतात. दादीचा ताप गेला, काल तिने स्वतः खिमा परतला आणि तुझ्या नावाने एक वाटी बाजूला काढली. ती छोटीने खाल्ली.’

पूर आहे, तापही आहे, पण दोन्हींचा शेवट त्याच ओळीत आहे. त्याला आत काही शोधावं लागत नाही.

याचा अर्थ मोठी गोष्ट दडवायची असा नाही. घरात कुणी गंभीर आजारी असेल, तर ते पत्रात कधीच नको. ते फोनवर, आणि फोन लागत नसेल तर त्याच्या युनिटमार्फत त्याच दिवशी कळवायचं, म्हणजे त्याला सुट्टी मागता येते. एकदा का त्याला बाहेरून कळलं की घरच्यांनी लपवलं होतं, की पुढच्या प्रत्येक ‘सब खैरियत’वरचा त्याचा विश्वास उडतो.

शेवटी तारीख आणि पत्राचा क्रमांक घालावा. मधलं एखादं पत्र उशिरा आलं, तरी त्याला आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं ते लगेच समजतं.