पाळण्याला कान हवा, डोळा नको

बाळ झोपलेल्या खोलीत कॅमेरा लावून त्याची चित्रं परक्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे स्वतःच्याच स्वयंपाकघरात बघणं, याला सध्या काळजीवाहू आईबापांचं लक्षण मानतात. मला हे मान्य नाही. माझी बहीण बाळंतपणासाठी माहेरी आली, तेव्हा ओळखीच्या दुकानदाराने असाच कॅमेरा पुढे केला. ‘आपल्याला काय लपवायचंय?’ हे त्याचं वाक्य. अहो, ज्या खोलीत बाई बाळाला पाजते, तेल लावून घेते, ओढणी बाजूला टाकून तासभर पडते, त्या खोलीत लपवण्यासारखं नाही तर कुठे आहे? दारावर टकटक केल्याशिवाय सख्खा भाऊही आत जात नाही, आणि आपण भिंतीवर डोळा टांगायचा?

भीती कल्पनेतली नाही. 2012च्या जानेवारीत अमेरिकेत ट्रेंडनेट कंपनीच्या जवळपास 700 कॅमेऱ्यांची थेट चित्रं कोणीतरी इंटरनेटवर खुली करून टाकली. त्यांत पाळण्यात झोपलेली बाळंही होती. पुढच्या वर्षी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. पासवर्ड लावूनही सॉफ्टवेअरमधल्या दोषामुळे चित्र उघडं पडत होतं. म्हणजे दोष घरच्यांचा नव्हताच.

आम्ही कपाटातले दोन जुने अँड्रॉइड फोन काढले. दोन्ही फॅक्टरी रीसेट केले, सिमकार्ड काढलं, बाळाजवळच्या फोनवर IP Webcam हे अ‍ॅप टाकलं आणि मग गूगल खातं काढून टाकलं. परवानग्यांत मायक्रोफोन आणि कॅमेरा एवढंच दिलं; लोकेशन मागितलं तर नाही. कॅमेऱ्याच्या दोन्ही भिंगांवर काळी चिकटपट्टी लावली. बाळ रडतंय हे कळायला कान पुरतो.

या अ‍ॅपला सुरुवातीला पासवर्ड नसतो, ही सर्वांत मोठी खोट. Local broadcasting मध्ये जाऊन Login/password भरल्याशिवाय पुढे जाऊ नये, नाहीतर तुमचं वायफाय वापरणारा प्रत्येक पाहुणा श्रोता होतो. बाहेरच्या सर्व्हरवर पाठवण्याचा पर्यायही त्यात असतो, तो बंदच ठेवावा. अ‍ॅप सुरू केलं की पडद्यावर एक पत्ता दिसतो. आमच्याकडे तो 192.168.1.7:8080 होता. दुसऱ्या फोनवर व्हीएलसीमध्ये ‘नेटवर्क स्ट्रीम’ उघडून हे टाकलं:

```
http://192.168.1.7:8080/audio.wav
```

पासवर्ड विचारला, दिला, आणि पडदा बंद असतानाही आवाज येत राहिला. राउटर कधी कधी फोनला नवा पत्ता देतो. जोडणी लागली नाही तर आधी तो बघावा.

आता खरी परीक्षा. कोणतंही अ‍ॅप ‘तुमची माहिती सुरक्षित आहे’ म्हणतं. त्याच्या शब्दावर जाऊ नका. राउटर चालू ठेवून त्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढा. ऐकणाऱ्या फोनचा मोबाइल डेटा बंद करा आणि दोन्ही अ‍ॅप्स नव्याने सुरू करा. ‘इंटरनेट नाही’ असं फोन कुरकुरेल, कुरकुरू द्या. आवाज आला, तर तो घरातल्या घरात फिरतो आहे. पत्ता बरोबर असूनही नाही आला, तर बाळाचं रडणं आधी घराबाहेर जाऊन येत असावं. मग तार परत लावा, वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून राउटरच्या बाहेरच्या (पब्लिक) पत्त्यापुढे :8080/audio.wav लावून उघडायचा प्रयत्न करा. उघडता कामा नये. राउटरच्या सेटिंग्जमध्ये UPnP बंद केलं आणि पोर्ट फॉरवर्डिंग रिकामं ठेवलं, की ही बाजू संपली. दोन्ही फोन पाहुण्यांच्या वायफायवर टाकू नका. तिथे बहुतेकदा एक फोन दुसऱ्याला दिसतच नाही.

‘पण ऑफिसातून बघता येणार नाही!’ नाही येणार. ऑफिसात बसून रडणारं बाळ उचलता येतं का? घरात जो आहे त्याच्या कानापर्यंत आवाज पोचला, की काम झालं.

या पद्धतीची खरी उणीव वेगळी आहे. जोडणी तुटली की शांतता होते, आणि शांतता म्हणजे बाळ झोपलंय असं आपण धरून चालतो. फोन बॅटरी वाचवायला अ‍ॅप झोपवतो, म्हणून त्या अ‍ॅपसाठी बॅटरीची बचत बंद करावी लागते. शिवाय बाळाजवळच्या फोनशेजारी आम्ही टिकटिक करणारं घड्याळ ठेवलं. टिकटिक ऐकू येतेय तोवर जोडणी जिवंत. थांबली की अम्मी सरळ जिना चढते. वीज गेली की राउटर बंद पडतो, तेव्हाही हाच हिशेब.

फोन पाळण्यात ठेवू नये, चार्जरची वायर बाळापासून निदान तीन फूट लांब असावी. फुगलेल्या बॅटरीचा फोन चार्जिंगला लावायचाच नाही, तो कितीही फुकटात पडला असला तरी.